दुधाचे जनुक माणसाला उंच करते का?



लहान मुलांना दूध पचते, कारण त्यांच्या आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर तयार होते. मोठेपणी जगातील बहुसंख्य लोकांत हे विकर कमी होत जाते. काही लोकांत मात्र ते आयुष्यभर टिकते. युरोपीय लोकांत याचे कारण डीएनएच्या एका अक्षरात आहे. लॅक्टेजच्या जनुकाच्या अलीकडे १३,९१० अक्षरांवर ज्यांच्याकडे ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असते, त्यांचे लॅक्टेज मोठेपणीही टिकून राहते.

२००५ साली ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात या अक्षराविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकनांतून उंच आणि बुटक्या माणसांचे दोन गट घेतले होते. उंच गटात ‘टी’ हे अक्षर स्पष्टपणे जास्त आढळले. असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी होती. मग निष्कर्ष काढायला काय हरकत आहे? दूध पचते म्हणून माणूस ते भरपूर पितो, आणि भरपूर दूध प्यायला की उंची वाढते. गोष्ट कशी अगदी पटण्यासारखी आहे!

पण त्याच संशोधकांनी पुढे एक गोष्ट केली. युरोपच्या एकाच भागातून आलेल्या घराण्यांतील उंच आणि बुटकी माणसे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा हा संबंध पुष्कळच ओसरला. पोलंडमधील लोकांत आणि स्कँडिनेव्हियातील लोकांत पाहिले, तर तो मुळीच आढळला नाही. दहा लाखांत एक अशी ग्वाही देणारा आकडा गणिताने बरोबर होता. त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. हे कसे घडले, आणि अशी फसगत टाळण्यासाठी आज कोणती पद्धत वापरतात, ते या लेखात आपण स्वतः आकडेमोड करून पाहू.

दोन प्रदेशांची सरमिसळ

प्रत्येक माणसाकडे आईकडून एक व वडिलांकडून एक अशा डीएनएच्या दोन प्रती असतात. म्हणून एखाद्या ठिकाणी ‘टी’ अक्षराच्या प्रती ०, १ किंवा २ असू शकतात. आता सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. उत्तरेच्या लोकांत एकूण प्रतींपैकी ८० टक्के ‘टी’ आहेत आणि दक्षिणेच्या लोकांत २० टक्के. उत्तरेचे लोक सरासरीने थोडे उंच आहेत, पण त्याचा ‘टी’शी काडीमात्र संबंध नाही.

आपण १०० उंच आणि १०० बुटकी माणसे निवडली. उंच गटात ८० जण उत्तरेचे आणि २० दक्षिणेचे आले. बुटक्या गटात याच्या उलट झाले. उंच गटातील २०० प्रतींपैकी १६० उत्तरेच्या, म्हणजे त्यांत १२८ ‘टी’. उरलेल्या ४० दक्षिणेच्या, त्यांत ८ ‘टी’. एकूण १३६, म्हणजे ६८ टक्के. बुटक्या गटात उत्तरेच्या ४० प्रतींत ३२ आणि दक्षिणेच्या १६० प्रतींत ३२, एकूण ६४. म्हणजे ३२ टक्के. केवढा फरक पडला पाहा! नेहमीची काय-वर्ग कसोटी लावली तर उत्तर ५१.८४ येते. योगायोगाने एवढे मोठे उत्तर येण्याची शक्यता अब्जात एकाहूनही कमी असते.

आणि तरीही फक्त उत्तरेचे लोक पाहिले, तर उंचांतही ८० टक्के ‘टी’ आहेत आणि बुटक्यांतही ८० टक्केच. दक्षिणेत दोन्हींत २० टक्के. म्हणजे प्रदेशाच्या आत फरक शून्य आहे. सगळा फरक दोन प्रदेशांच्या सरमिसळीतून आला आहे. आणखी माणसे घेऊन ही चूक जात नाही. दहापट माणसे घेतली तर काय-वर्गही दहापट होतो, आणि चुकीचा निष्कर्ष अधिकच ठाम वाटू लागतो.

यावर साधा उपाय सुचेल, की प्रत्येकाला त्याचे आजी-आजोबा कुठले ते विचारावे. पण अमेरिकेसारख्या देशात एखाद्याचे आजोबा आयर्लंडचे, आजी इटलीची, आणि पणजोबांचा पत्ताच नाही, असे नेहमीचेच. शिवाय ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ असे दोनच कप्पे नसतात. मधल्या छटा असंख्य असतात. म्हणून संशोधकांनी असा विचार केला, की माणसाला विचारण्याऐवजी त्याच्या डीएनएलाच विचारावे. ‘टी’ अक्षर जसे प्रदेशागणिक कमीजास्त होते, तशी इतर लाखो अक्षरेही थोडीथोडी होत असतात. त्या सर्वांचा एकत्र कल पाहिला, तर माणसाचे घराणे कुठले याचा माग लागेल.

सहा माणसे, चार खुणा

डीएनएवरील ज्या ठिकाणी माणसामाणसांत अक्षर बदलते, त्याला आपण ‘खूण’ म्हणू. सहा माणसांच्या चार खुणा तपासल्या, आणि प्रत्येक ठिकाणी विशिष्ट अक्षराच्या किती प्रती आहेत ते मोजले. ही माणसे कुठली आहेत ते आपल्याला ठाऊक नाही असे समजा.

| माणूस | खूण १ | खूण २ | खूण ३ | खूण ४ |
|---|---|---|---|---|
| क | २ | २ | १ | ० |
| ख | २ | १ | २ | २ |
| ग | १ | २ | २ | १ |
| घ | १ | ० | ० | १ |
| च | ० | १ | ० | २ |
| छ | ० | ० | १ | ० |

पहिली पायरी : प्रत्येक खुणेची सरासरी काढून ती वजा करा. येथे चारही खुणांची सरासरी १ आहे. म्हणून क ची ओळ १, १, ०, −१ अशी होते. ख ची १, ०, १, १. ग ची ०, १, १, ०. घ ची ०, −१, −१, ०. च ची −१, ०, −१, १. आणि छ ची −१, −१, ०, −१. प्रत्यक्ष कामात यानंतर प्रत्येक खुणेच्या आकड्यांना √(2p(1−p)) ने भागतात. यात p म्हणजे त्या अक्षराचे एकूण प्रतींतील प्रमाण. त्यामुळे विरळ आणि सर्रास आढळणाऱ्या खुणा एका मापावर येतात. आपल्या चारही खुणांत p सारखाच, म्हणजे निम्मा, असल्याने भागाकार केला नाही तरी चालेल.

दुसरी पायरी : दोन-दोन माणसांचे साम्य मोजा. त्यासाठी दोघांच्या ओळींतील समोरासमोरचे आकडे गुणून बेरीज करायची. एखाद्या खुणेत दोघेही सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर गुणाकार धन येतो, विरुद्ध बाजूंना असतील तर ऋण. उदाहरणार्थ, क आणि च यांचे साम्य −१ + ० + ० − १ = −२. सगळ्या जोड्यांचा तक्ता असा होतो :

| | क | ख | ग | घ | च | छ |
|---|---|---|---|---|---|---|
| क | ३ | ० | १ | −१ | −२ | −१ |
| ख | ० | ३ | १ | −१ | −१ | −२ |
| ग | १ | १ | २ | −२ | −१ | −१ |
| घ | −१ | −१ | −२ | २ | १ | १ |
| च | −२ | −१ | −१ | १ | ३ | ० |
| छ | −१ | −२ | −१ | १ | ० | ३ |

तिसरी पायरी गमतीची आहे. प्रत्येकाला वाटेल तो गुण द्या. समजा क ला १ आणि बाकीच्यांना ०. मग प्रत्येकाचा नवा गुण असा काढा : त्याच्या ओळीतील प्रत्येक साम्याला त्या-त्या माणसाच्या जुन्या गुणाने गुणून सर्वांची बेरीज करा. याचा अर्थ असा, की आपल्याशी साम्य असलेल्यांचे गुण आपल्याकडे येतात, आणि विरोध असलेल्यांचे उलट्या चिन्हाने येतात. पहिल्या फेरीनंतर गुण येतात ३, ०, १, −१, −२, −१. दुसऱ्या फेरीनंतर १६, ६, १०, −१०, −१४, −८. तिसऱ्या फेरीनंतर १०४, ६८, ८४, −८४, −१००, −७२.

काय होत आहे ते लक्षात आले का? क, ख, ग धन बाजूला गेले आणि घ, च, छ ऋण बाजूला. शिवाय आकड्यांची परस्पर गुणोत्तरे हळूहळू सारखी होत चालली आहेत. असेच करत राहिलात तर गुण १, १, १, −१, −१, −१ या प्रमाणाकडे जातील. हे गुण तक्त्यात घालून पाहा. प्रत्येकाचा नवा गुण जुन्याच्या बरोबर ८ पट येतो, प्रमाण मात्र तेच राहते. या स्थिर प्रमाणाला पहिला प्रमुख अक्ष म्हणतात. तक्त्याच्या कर्णावरील आकड्यांची बेरीज १६ आहे. तो या सहा जणांतील एकूण फरक. त्यांपैकी ८, म्हणजे निम्मा फरक, एकट्या या अक्षात सामावला. उरलेल्या फरकात पुन्हा असाच शोध घेतला, तर दुसरा अक्ष −१, १, ०, ०, १, −१ असा मिळतो आणि त्याच्या वाट्याला ४ येतात. तो म्हणजे चौथी खूणच; तिचा पहिल्या तिघींशी मेळ नाही. या सर्व पद्धतीला प्रमुख घटक विश्लेषण असे नाव आहे.

भूमितीच्या भाषेत हेच असे सांगता येईल. शेवग्याची शेंग दिव्यापुढे धरा. तिचे टोक दिव्याकडे केले, तर भिंतीवर ठिपक्याएवढी सावली पडते. आडवी धरली, तर सर्वांत लांब सावली पडते, आणि शेंगेविषयी सर्वांत जास्त माहिती त्या सावलीत असते. चार खुणा असलेला माणूस म्हणजे चार मितींच्या अवकाशातील एक बिंदू. अशा बिंदूंच्या थव्याची सर्वांत लांब सावली ज्या दिशेवर पडते, ती दिशा म्हणजे पहिला अक्ष. पुढे महाविद्यालयात तुम्ही फिरणाऱ्या पदार्थाचे प्रमुख अक्ष शिकाल, तेव्हा हेच गणित पुन्हा भेटेल.

युरोपचा नकाशा उमटतो

खऱ्या कामात चार खुणा पुरत नाहीत. २००५ च्या अभ्यासात संशोधकांनी प्रथम १७८ खुणा तपासल्या होत्या, आणि त्या काळच्या नेहमीच्या कसोट्यांना त्यांत सरमिसळीचा पुरावा सापडला नव्हता. शेजारच्या प्रदेशांत एकेका खुणेचे प्रमाण अगदी थोडे बदलते. ते एका खुणेवरून ओळखणे म्हणजे किंचित झुकलेल्या नाण्याचा कल दोन-तीन फेकींत ओळखण्यासारखे आहे. पण लाख खुणा घेतल्या की योगायोगाचे चढउतार एकमेकांना काटतात, आणि सर्वांचा सामाईक कल तेवढा उरतो.

२००८ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात याचे सुंदर उदाहरण प्रसिद्ध झाले. युरोपातील १,३८७ माणसांच्या सुमारे दोन लाख खुणा घेऊन पहिले दोन अक्ष काढले. एक अक्ष उभा आणि एक आडवा धरून प्रत्येक माणसाचा ठिपका कागदावर मांडला आणि कागद थोडा फिरवला. पाहतात तो युरोपचा नकाशा! स्पेन-पोर्तुगालचे ठिपके एका कोपऱ्यात, इटलीचे बुटासारखे खाली उतरलेले, ब्रिटन-आयर्लंडचे दुसऱ्या टोकाला. गणिताला भूगोलाचा एक शब्दही सांगितलेला नव्हता. माणसे बहुधा जवळपासच्या गावांत लग्ने करतात, म्हणून शेजाऱ्यांचे डीएनए किंचित अधिक सारखे असतात. एवढ्यावरच हा नकाशा उमटला.

मात्र एक आकडा विसरू नका. पहिल्या अक्षात एकूण फरकाच्या फक्त ०.३० टक्के सामावले होते आणि दुसऱ्यात ०.१५ टक्के. आपल्या सहा जणांच्या उदाहरणात निम्मा फरक एका अक्षात आला, कारण ते शिकवण्यासाठी रचलेले होते. प्रत्यक्षात माणसामाणसांतील जवळजवळ सर्व फरक प्रदेशाच्या आतलाच असतो. नकाशा स्पष्ट दिसला म्हणून लोक मुळात वेगवेगळ्या जातीचे प्राणी ठरत नाहीत. ठिपके किती लांब दिसतात हे आपण कोणती व किती माणसे निवडली यावरही अवलंबून असते. एकाच प्रदेशाची खूप माणसे घेतली, तर अक्ष त्या प्रदेशातील बारीक फरकांकडे वळतात.

दुरुस्ती कशी करतात?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या सहा जणांची दुधाची खूण वेगळी तपासली. तिच्यात ‘टी’ च्या प्रती अनुक्रमे २, २, १, ०, १, ० निघाल्या. त्यांची उंची सेंटिमीटरमध्ये १७८, १७२, १७५, १६५, १६७, १६९ आहे.

आधी दुरुस्ती न करता पाहू. प्रतींची सरासरी १ आणि उंचीची १७१. सरासरी वजा केल्यावर प्रती १, १, ०, −१, ०, −१ आणि उंची ७, १, ४, −६, −४, −२ अशी राहते. जोडीजोडीने गुणून बेरीज केली तर १६ येते. प्रतींच्या वर्गांची बेरीज ४. १६ ला ४ ने भागले, की उत्तर मिळते : ‘टी’ च्या प्रत्येक प्रतीमागे उंची ४ सेंटिमीटर जास्त.

आता दुरुस्ती करू. अक्षावरील गुणावरून जेवढे सांगता येते तेवढे उंचीतूनही वजा करायचे आणि प्रतींतूनही. पहिल्या अक्षावर तिघांचा गुण १ आणि तिघांचा −१ आहे. त्यामुळे आपल्या बाबतीत हे काम सोपे होते : पहिल्या तिघांतून त्यांची सरासरी वजा करायची आणि दुसऱ्या तिघांतून त्यांची. पहिल्या तिघांच्या उंचीची सरासरी १७५, म्हणून शेष ३, −३, ०. दुसऱ्या तिघांची १६७, म्हणून शेष −२, ०, २. प्रतींचे शेष तिसऱ्या हिश्शांत येतात : ⅓, ⅓, −⅔ आणि −⅓, ⅔, −⅓. आता शेषांचे गुणाकार करून बेरीज करा : १ − १ + ० + ⅔ + ० − ⅔ = ०. चार सेंटिमीटर पार नाहीसे झाले!

गुण १ आणि −१ ऐवजी मधले कितीही असले, तरी कृती हीच राहते. म्हणून ज्याचे आजोबा निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे, अशा माणसालाही कोणत्या तरी कप्प्यात कोंबावे लागत नाही. २००६ साली अल्केस प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत ‘आयगेनस्ट्रॅट’ या नावाने मांडली. त्यांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकनांच्या एक लाखाहून अधिक खुणा घेऊन अक्ष काढले, आणि सरमिसळीतून येणारे भासमान संबंध या दुरुस्तीने दूर होतात हे दाखवले. त्यांच्या संगणकीय कार्यक्रमात साधारणपणे पहिले दहा अक्ष वजा केले जात. आजही अशा अभ्यासांत दहा-वीस अक्ष घेण्याचा प्रघात आहे.

पद्धत कुठे फसते, आणि ते कसे ओळखावे?

पहिली अडचण अशी, की मिळालेला प्रत्येक अक्ष घराण्याचाच असतो असे नाही. गुणसूत्रावर शेजारी असलेल्या खुणा बहुधा जोडीनेच वारशाने येतात. आठव्या गुणसूत्रावर तर एक लांबलचक तुकडा आहे, जो काही माणसांत उलटा बसलेला असतो. त्याच्यातील शेकडो खुणा एकच बातमी पुन्हा पुन्हा सांगतात. गणिताला वाटते, की एवढ्या साऱ्या खुणा एकमुखाने बोलत आहेत, म्हणजे ही मोठी दिशा असणार. हे ओळखायचे कसे? अक्षावर कोणत्या खुणांचा भार जास्त पडला आहे ते पाहावे. तो सर्व गुणसूत्रांवर विखुरलेला असेल तर अक्ष घराण्याचा. सगळा एकाच जागी गोळा झाला असेल तर तो अक्ष त्या तुकड्याचा. म्हणूनच अक्ष काढण्यापूर्वी खुणांची विरळणी करतात : शेजारशेजारच्या, एकसारखे बोलणाऱ्या खुणांतून थोड्याच ठेवतात, आणि असे कुप्रसिद्ध तुकडे वगळतात. दुधाच्या जनुकाचा परिसर हाही त्यांपैकी एक आहे. सख्खी भावंडे चुकून नमुन्यात आली तर त्यांच्यापुरताही एक अक्ष तयार होतो, म्हणून नातेवाईक आधीच शोधून बाजूला काढतात.

दुसरा प्रश्न असा, की दुरुस्ती पुरेशी झाली हे कशावरून समजायचे? यासाठी एक छान कसोटी आहे. एका दुधाच्या खुणेऐवजी लाखो खुणांचा उंचीशी संबंध तपासा आणि प्रत्येकीचा काय-वर्ग काढा. बहुतेक खुणांचा उंचीशी संबंध नसणार असे धरले, तर या साऱ्या आकड्यांच्या चढत्या रांगेतील अगदी मधला आकडा सुमारे ०.४५५ यायला हवा. प्रत्यक्षातला मधला आकडा त्याच्या कितीपट आला, या गुणोत्तराला ‘लँबडा’ म्हणतात. ते १ च्या जवळ असेल तर ठीक. १.३ किंवा १.५ आले, तर सर्वच खुणा थोड्याथोड्या फुगल्या आहेत, म्हणजे सरमिसळ शिल्लक असल्याचा संशय घ्यावा. संशय म्हणण्याचे कारण असे, की उंचीसारख्या गुणावर खरोखरच हजारो जनुकीय बदलांचा थोडाथोडा परिणाम असतो. लाखो माणसांच्या अभ्यासात त्यामुळेही लँबडा १ च्या वर जातो.

तिसरी अडचण सर्वांत मोलाचा धडा देणारी आहे. सुमारे अडीच लाख माणसांच्या एका एकत्रित युरोपीय अभ्यासातून उंचीशी संबंधित अक्षरे निवडली गेली. ती अनेक छोट्या अभ्यासांची बेरीज होती. शेकडो अक्षरांचे परिणाम बेरजेत घेऊन प्रत्येक प्रदेशाचा ‘जनुकीय उंची’ असा गुणांक काढला, तेव्हा तो उत्तर युरोपात जास्त आणि दक्षिणेत कमी दिसला. उत्तरेत नैसर्गिक निवडीनेच उंची वाढली, असे त्यावरून अनेक निबंधांत म्हटले गेले. २०१९ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी तोच हिशोब ब्रिटनच्या यूके बायोबँक या एकाच मोठ्या संग्रहातील आकड्यांवरून केला. तेव्हा तो उत्तर-दक्षिण कल बराचसा विरून गेला. आधीच्या अभ्यासात अक्षांची दुरुस्ती झालेली होती. पण प्रत्येक अक्षरामागे सरमिसळीचा एक कण राहिला होता. एका अक्षरात तो दिसतही नसे. शेकडो अक्षरे बेरजेत आली, सर्व कण एकाच दिशेचे होते, आणि त्यांचा ढीग झाला. तेव्हा लक्षात ठेवा, की एका खुणेची चाचणी करायला पुरेशी असलेली दुरुस्ती हजार खुणांची बेरीज करायला पुरेशी असेलच असे नाही.

आपल्याकडे काय?

भारतात या प्रश्नाला अधिकच धार आहे. दूध पचवणारे तेच ‘टी’ अक्षर भारतातही आढळते. वायव्येकडे जास्त, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाताना कमी होत जाते. २००९ साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातील २५ समाजांच्या १३२ माणसांच्या साडेपाच लाखांहून अधिक खुणा तपासल्या. बहुतेक समाज दोन प्राचीन वंशधारांच्या कमीजास्त मिश्रणाप्रमाणे अक्षावर एका रेषेत पसरलेले दिसले. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने होत आल्यामुळे एकाच गावात राहणाऱ्या दोन समाजांतही खुणांचा फरक आढळतो. युरोपात अंतर पुष्कळसे सांगून जाते. येथे शेजारचे घरही वेगळ्या ठिपक्यावर असू शकते. मधुमेहाचे रुग्ण एका समाजाचे जास्त आणि निरोगी माणसे दुसऱ्या समाजाची जास्त असा नमुना घेतला, तर त्या दोन समाजांत वेगळी असलेली प्रत्येक खूण मधुमेहाचे जनुक म्हणून पुढे येईल. म्हणून येथे अक्ष काढताना त्या-त्या समाजाची पुरेशी माणसे नमुन्यात असावी लागतात. जो फरक नमुन्यात नाही, त्याचा अक्षही निघत नाही.

आणखी एक मर्यादा शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. दुरुस्तीनंतर संबंध नाहीसा झाला, याचा अर्थ या खुणेमुळे उंची वाढते असे म्हणायला पुरावा उरला नाही, एवढाच. दोन प्रदेशांच्या उंचीत फरक का आहे, आहारामुळे, आजारांमुळे की इतर जनुकांमुळे, याचे उत्तर हे अक्ष देत नाहीत.

करून पाहा

खुणेचा परिणाम खरा असेल, तर दुरुस्तीत तोही धुऊन जाईल का? आपल्या सहा जणांच्या ‘टी’ च्या प्रती त्याच ठेवा. उंची मात्र क, ख, ग यांची १७६, १७६, १७३ आणि घ, च, छ यांची १६६, १६९, १६६ अशी घ्या. आधी दुरुस्तीशिवाय प्रत्येक प्रतीमागे किती उंची वाढते ते काढा. मग दोन्हींचे शेष काढून, शेषांच्या गुणाकारांच्या बेरजेला प्रतींच्या शेषांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. पहिले उत्तर ५ सेंटिमीटर येईल आणि दुसरे ३. यांतील २ सेंटिमीटर सरमिसळीचे होते, ते गेले. उरलेले ३ प्रदेशाच्या आतही टिकले.